शून्याचा भाव

१८ मे २०१७. प्रीमियर लीगचा हंगाम संपायला आला होता आणि लेस्टरच्या किंग पॉवर स्टेडियमवर टॉटनहॅमचा संघ पाहुणा म्हणून आला होता. सामना रंगात आला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मध्यंतराला टॉटनहॅम दोन गोलांनी पुढे होते. दुसऱ्या अर्धात लेस्टरचा तरुण बचावपटू बेन चिलवेल याने एक गोल फेडला. त्यानंतर मात्र पाहुण्यांनी धुमाकूळ घातला. हॅरी केनचे चार, सन ह्युंग-मिनचे दोन, आणि शेवटी फलकावर १-६.

निकालापुरते बोलायचे तर चिलवेलचा गोल केला काय नि न केला काय, सारखेच. पण इंग्लंडमधल्या सट्ट्याच्या दुकानांत याच सामन्यावर आणखी एक प्रश्न विकायला होता: दोन्ही संघ गोल करतील का? त्याला तिकडे थोडक्यात ‘बीटीटीएस’ म्हणतात. या प्रश्नावर ‘हो’ म्हणून पैसे लावणाऱ्याला केनचे चार गोल नको होते, सनचे दोनही नको होते. टॉटनहॅमचा कोणताही एक आणि चिलवेलचा तो एक, एवढे झाले की त्याचे पैसे सुटले.

एकाच सामन्यावरच्या या दोन प्रश्नांचे भाव एकाच हिशेबातून निघतात. हिशेबाचे मूळ १८३७ साली छापल्या गेलेल्या एका फ्रेंच ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ फुटबॉलचा नव्हे, न्यायालयातल्या निवाड्यांचा. त्याचा कर्ता गणितज्ञ सिमेओं द्नी प्वासाँ. इंग्रजी वळणाने आपण त्याला पॉयसन म्हणतो. एखादी घटना क्वचित घडते, कधी घडेल ते सांगता येत नाही, पण तिची सरासरी ठाऊक आहे, अशा वेळी ती एकदाही न घडण्याची, एकदा घडण्याची, दोनदा घडण्याची शक्यता किती, हे त्याचे सूत्र सांगते.

सूत्र कसाला उतरले ते १८९८ मध्ये, आणि तेही घोड्यांच्या लाथांवर. लाडिस्लाउस बोर्टकिएविच याने प्रशियाच्या घोडदळात लाथ बसून मेलेल्या शिपायांची वीस वर्षांची नोंद तपासली. दहा पथके, वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी, मृत्यू १२२. सरासरी ०.६१. एवढ्या एका आकड्यावरून सूत्र म्हणते की दोनशेपैकी १०८.७ नोंदींत एकही मृत्यू नसावा. प्रत्यक्षात अशा नोंदी होत्या १०९. या लेखापुरते एवढे ध्यानात ठेवावे की सूत्राने सर्वांत अचूक सांगितले ते शून्य. कारण ‘दोन्ही संघ गोल करतील का’ हा प्रश्न उलटा केला की शून्याचाच प्रश्न उरतो.

गोलही लाथेसारखेच क्वचित आणि अवचित होतात. प्रीमियर लीगच्या २०१५-१६ हंगामात ३८० सामन्यांत १०२६ गोल झाले, म्हणजे एका संघाचे एका सामन्यात सरासरी १.३५. पण सगळ्याच संघांना हीच सरासरी लावून कसे चालेल? ती गाठ १९८२ मध्ये मायकेल माहर या संख्याशास्त्रज्ञाने सोडवली. प्रत्येक संघाला त्याने दोन आकडे दिले, एक हल्ल्याचा आणि एक बचावाचा, आणि घरच्या मैदानाचा फायदा वेगळा धरला. यजमानांचे अपेक्षित गोल काढायचे तर तीन गोष्टींचा गुणाकार करायचा: घरच्या संघाची लीगमधली सरासरी, यजमानांचा हल्ला आणि पाहुण्यांच्या बचावाची गळती. पाहुण्यांचे काढताना बाजू उलटवायच्या. माहर हे आकडे सगळ्या सामन्यांतून एकाच वेळी सोडवतो. साध्या भागाकारानेही त्याच्या बरेच जवळ जाता येते.

आता लेस्टर-टॉटनहॅमचाच भाव काढू, आणि दोनदा काढू.

पहिल्यांदा हाताशी फक्त आधीचा हंगाम आहे असे समजू. २०१५-१६ म्हणजे लेस्टरने अख्ख्या जगाला तोंडात बोट घालायला लावून विजेतेपद मिळवले ते वर्ष. ३८ सामन्यांत त्यांनी ६८ गोल केले आणि ३६ खाल्ले. टॉटनहॅमने ६९ केले आणि ३५ खाल्ले. दोघे जवळपास जुळे भाऊच. लेस्टरने सामन्यामागे १.७९ गोल केले, लीगच्या सरासरीच्या १.३३ पट. टॉटनहॅमचा बचाव खात होता ०.९२, म्हणजे सरासरीच्या ०.६८ पट. त्या हंगामात यजमान संघ सरासरी १.४९ गोल करत होते. तिन्हींचा गुणाकार १.३५, हे लेस्टरचे अपेक्षित गोल. त्याच रीतीने टॉटनहॅमचे आले १.१४.

दुसऱ्यांदा २०१६-१७ चे आकडे घेऊ, त्या रात्रीपर्यंतच्या ३६ सामन्यांचे. लेस्टरचे ४६ गोल झालेले, ५६ खाल्लेले. टॉटनहॅमचे ७३ झालेले, खाल्लेले फक्त २४. लीगची सरासरी १.४० च्या आसपास, यजमानांची साधारण १.६ आणि पाहुण्यांची १.२. आता लेस्टरच्या वाट्याला येतात ०.७० गोल आणि टॉटनहॅमच्या वाट्याला १.९३. तेच दोन संघ, तेच मैदान, मधे फक्त एक वर्ष.

सरासरीवरून शक्यता काढायला संगणकातला साधा तक्ता पुरतो. टॉटनहॅमला एकही गोल न मिळण्याची शक्यता अशी:

```
=POISSON.DIST(0,1.93,FALSE)
```

उत्तर ०.१४५, म्हणजे १४.५ टक्के. शून्याच्या जागी एक, दोन, तीन घालत गेले की अनुक्रमे २८, २७ आणि १७.४ टक्के मिळतात. लेस्टरसाठी ०.७० घातले की शून्य गोल ४९.७ टक्के, एक ३४.८, दोन १२.२. मग आडव्या ओळीत एक संघ, उभ्या ओळीत दुसरा, आणि प्रत्येक चौकोनात दोघांचा गुणाकार. १-१ चा चौकोन म्हणजे ३४.८ टक्के गुणिले २८ टक्के, साधारण ९.७ टक्के. ०-० चा ७.२. या तक्त्याचा कर्ण म्हणजे बरोबरी. कर्णाच्या एका बाजूचे चौकोन यजमानांचे, दुसऱ्या बाजूचे पाहुण्यांचे. बेरजा केल्या की निकालाचे तिन्ही आकडे हातात येतात.

जुन्या हंगामाच्या आकड्यांवर लेस्टरच्या विजयाची शक्यता ४१.५ टक्के होती, बरोबरीची २७ आणि टॉटनहॅमच्या विजयाची ३१.५. नव्या आकड्यांवर लेस्टर घसरले १२.७ टक्क्यांवर, बरोबरी २०.८ आणि टॉटनहॅम थेट ६६.५. एकाला भागिले शक्यता केले की भाव मिळतो: लेस्टर ७.८७, बरोबरी ४.८१, टॉटनहॅम १.५०. भाव ७.८७ म्हणजे एक पौंड लावला आणि जिंकला तर मूळ पौंड धरून ७.८७ पौंड हातात.

आता दुसरा प्रश्न. दोन्ही संघ गोल करण्याची शक्यता म्हणजे ‘लेस्टर शून्यावर नाही’ गुणिले ‘टॉटनहॅम शून्यावर नाही’. तक्त्यातला प्रत्येक चौकोन मोजायचीही गरज नाही:

```
=(1-EXP(-0.70))*(1-EXP(-1.93))
```

उत्तर ०.४३, भाव २.३२. जुन्या आकड्यांवर हीच शक्यता ०.५० होती.

इथे जरा थांबायला हवे. एका वर्षात लेस्टरच्या विजयाची शक्यता ४१.५ वरून १२.७ टक्क्यांवर कोसळली, पण दोन्ही संघांनी गोल करण्याची शक्यता हलली जेमतेम सात टक्क्यांनी. याचे कारण शून्यात आहे. निकालाचा भाव दोन सरासऱ्यांमधल्या फरकावर चालतो. बीटीटीएसचा भाव मात्र दोन शून्यांवर चालतो, आणि एकाचे शून्य वाढले तेव्हा दुसऱ्याचे घटले. टॉटनहॅमच्या शून्याची शक्यता ३२ वरून १४.५ टक्क्यांवर आली आणि तिने लेस्टरची बरीच पडझड भरून काढली. म्हणूनच सामना एकतर्फी दिसतो एवढ्यावर बीटीटीएसचा भाव ठरवणारा माणूस चुकतो. ‘या संघाच्या गेल्या दहापैकी सात सामन्यांत दोघांनी गोल केले’ असे मोजत बसणाराही चुकतो. दहा सामन्यांचा नमुना तुटपुंजा असतो, आणि त्यात समोर कोण होते हे मुळीच मोजलेले नसते.

एवढ्यावर कुणी दुकान उघडले तर मात्र त्याचे दिवाळे निघेल, कारण या तक्त्यात एक खोट आहे. गुणाकार करताना गृहीत धरले आहे की एका संघाच्या गोलांचा दुसऱ्याच्या गोलांशी काही संबंध नाही. सामना पाहणाऱ्याला हे पटणार नाही. गोल खाल्लेला संघ पुढे सरकतो, आघाडीवरचा मागे बसतो. शेवटच्या दहा मिनिटांत १-१ असेल तर दोघेही हातचा गुण सोडायला राजी नसतात. लँकेस्टर विद्यापीठाच्या मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये दाखवले की खोट मुख्यतः चारच चौकोनांत आहे: ०-० आणि १-१ साध्या हिशेबापेक्षा जास्त होतात, १-० आणि ०-१ कमी. त्यांनी या चार चौकोनांपुरती दुरुस्ती सुचवली. तिचा जोर एका लहानशा ऋण आकड्यावर ठरतो, आणि तो आकडा मागच्या सामन्यांवरून काढायचा असतो.

आपल्या सामन्यासाठी तो उणे ०.१ धरून पाहू. ०-० वाढून ७.२ चे ८.२ टक्के होते, १-१ वाढून ९.७ चे १०.७, १-० आणि ०-१ या दोन्हींतून जवळपास तेवढेच कापले जाते. बरोबरी २०.८ वरून २२.७ टक्क्यांवर जाते आणि तिचा भाव ४.८१ वरून ४.४० वर येतो. दुकानदाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पण बीटीटीएसचे काय? ०-० वाढले म्हणजे ‘हो’ची शक्यता घटली असणार, असे पहिल्या झटक्यात वाटते. होते उलटे. ती ४३ वरून ४४ टक्क्यांवर चढते. कारण दुरुस्ती कुठल्याच संघाच्या शून्याची एकूण शक्यता बदलत नाही. ०-० ला जे मिळते ते १-० आणि ०-१ मधूनच येते, आणि जेवढे ०-० ला मिळाले नेमके तेवढेच १-१ लाही मिळते. या एकाच चौकोनापायी बीटीटीएस एक टक्का वर जाते. गणित कळणारी माणसेही इथे दिशा चुकतात.

दुसरी खोट अधिक अवघड, कारण ती तक्त्यात दिसत नाही. आपण टॉटनहॅमची सरासरी १.९३ आहे असे ठामपणे म्हटले. प्रत्यक्षात ती आपल्याला नीट ठाऊक नसते. समजा, केन पूर्ण भरात असला तर ती २.४६ आणि संघ थकलेला असला तर १.४०, दोन्हींची शक्यता निम्मी निम्मी. सरासरीची सरासरी अजूनही १.९३ च. पण शून्याची शक्यता पहिल्या रात्री ८.५ टक्के आणि दुसऱ्या रात्री २४.७, मधला आकडा १६.६, म्हणजे आधीच्या १४.५ पेक्षा दोन टक्के जास्त. सरासरी अनिश्चित असली की शून्य फुगते, आणि दुसऱ्या टोकाला सहा-सात गोलांची शेपटीही फुगते. साध्या तक्त्यात १-६ या चौकोनाची शक्यता ०.३६ टक्के निघाली होती, म्हणजे पावणेतीनशे सामन्यांत एकदा. खऱ्या फुटबॉलमध्ये असे हाणामारीचे आकडे त्याहून थोडे जास्त वेळा दिसतात, आणि त्यांच्याबरोबर कोरडे सामनेही.

सरासरी अनिश्चित का असते, याचे उत्तरही लेस्टरकडेच आहे. विजेतेपदानंतरच्या उन्हाळ्यात मधल्या फळीचा आधार एन्गोलो कांते चेल्सीला गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना नारळ मिळाला. त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपियर यांनी लीगमधले पहिले पाचही सामने जिंकून दिले. आता भाव काढणाऱ्याने कोणते लेस्टर धरायचे? ३६ सामन्यांची सरासरी रानिएरींच्या शेवटच्या वाईट महिन्यांनी ओढलेली आहे, तेव्हा १२.७ टक्के कदाचित फार कमी; आणि पाच विजयांवर भाळले तर फार जास्त. डिक्सन-कोल्स यांचा उपाय असा की जुन्या सामन्यांना टाकून द्यायचे नाही, पण त्यांचे वजन हळूहळू उतरवत न्यायचे. त्यांनी निवडलेल्या वेगाने साधारण वर्षभरापूर्वीच्या सामन्याचे वजन आजच्या निम्मे होते. हा मध्यममार्ग आहे, पण प्रशिक्षक बदलल्याची बातमी त्याला कळत नाही. ती माणसानेच घालावी लागते. आजकाल झालेल्या गोलांऐवजी फटक्यांच्या जागेवरून आणि दर्जावरून काढलेले ‘अपेक्षित गोल’ वापरतात, कारण गोलांपेक्षा फटके जास्त आणि नमुना मोठा. पुढचा तक्ता तोच राहतो.

मॉडेल बरे चालले आहे की नाही, हे एका सामन्यावरून कधीच कळत नाही. १-६ झाले म्हणून ते चुकले नाही आणि टॉटनहॅम जिंकले म्हणून बरोबरही ठरले नाही. ज्या ज्या सामन्यांना त्याने बीटीटीएसचे ४० ते ४५ टक्के दिले ते सगळे बाजूला काढायचे आणि त्यांतल्या किती सामन्यांत खरोखर दोघांनी गोल केले ते मोजायचे. दोन-तीनशे सामन्यांत हे प्रमाण ५० च्या वर निघाले तर शून्य कुठेतरी जास्त धरले गेले आहे. बरोबरीचे प्रमाण मॉडेलपेक्षा सातत्याने जास्त निघाले तर चार चौकोनांची दुरुस्ती कमी पडते आहे.

शेवटी दुकानाचा नफा. दुरुस्त तक्त्यातल्या शक्यता ११.७, २२.७ आणि ६५.६. त्या प्रत्येकीला १.०५ ने गुणले की बेरीज १०५ टक्के होते आणि फलकावर जाणारे भाव होतात ८.१२, ४.१९ आणि १.४५. बीटीटीएसला ‘हो’ २.१६, ‘नाही’ १.७०. शंभराच्या वरचे ते पाच टक्के म्हणजे दुकानदाराचे गल्ल्यातले पैसे; सगळीकडे समप्रमाणात पैसे लागले तर निकाल काहीही लागो, ते सुटतात. प्रत्यक्षात हा बोजा सगळ्यांवर सारखा टाकत नाहीत. दुबळ्या संघावर जास्त टाकतात, कारण आठपट मिळणार या मोहात गिऱ्हाईक भाव फारसा पाहत नाही. म्हणून घरी बसून काढलेला भाव दुकानापेक्षा वेगळा आला तर आपण शहाणे ठरलो असे समजू नये. आधी हे पाच टक्के वजा करावेत, मग फरक उरतो का ते पाहावे. बहुतेकदा उरत नाही.

मराठी वाचकासाठी हा हिशेब कागदावरच बरा. मुंबई राज्यापासून चालत आलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्यातून सवलत आहे ती घोड्यांच्या शर्यतींना, फुटबॉलला नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आणली आहे.

किंग पॉवरवरच्या त्या रात्रीनंतर तीन दिवसांनी हंगामाचा शेवटचा दिवस होता. लेस्टरने घरच्या मैदानावर बोर्नमथशी १-१ अशी बरोबरी केली. टॉटनहॅमने हल सिटीला त्यांच्याच मैदानावर ७-१ ने लोळवले. दोन्ही सामन्यांत दोन्ही संघांनी गोल केले.